मेंदूतील गाठ : अहवालातील ‘बहुधा’चा अर्थ

एमआरआय केंद्रातून अहवाल आता फायलीच्या आधी मोबाइलवर येतो. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत दोन-तीन दिवस जातात आणि तोवर घरातील कॉलेजला जाणारा मुलगा किंवा मुलगी त्यातील शेवटची ओळ दहा वेळा वाचते. त्या ओळीत बहुतेक वेळा दोनपैकी एक नाव असते: मेनिन्जिओमा किंवा ग्लायोमा. आणि नावाच्या आधी ‘सजेस्टिव्ह ऑफ’, ‘लाइकली’, म्हणजे ‘बहुधा’ असा एखादा शब्द असतो. घरचे लोक नाव वाचतात, ‘बहुधा’ वाचत नाहीत. मेनिन्जिओमा असेल तर ‘साधी गाठ’ म्हणून सुटकेचा श्वास सोडतात, ग्लायोमा असेल तर कॅन्सर म्हणून हातपाय गळतात. मग पुढचा प्रश्न हमखास येतो. एवढ्या महागड्या यंत्राने सगळे दाखवलेच आहे, तर डोक्याला भोक पाडून तुकडा कशाला काढायचा?

हा प्रश्न आजच्या घडीला अधिक महत्त्वाचा झाला आहे, त्याला दोन कारणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली मेंदूतील गाठींच्या वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती काढली आणि ग्लायोमाचे नाव ठरवण्यात पेशींच्या जनुकांना निर्णायक स्थान दिले. त्यानंतर ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने व्होरासिडेनिब या गोळीला मान्यता दिली. ती ठरावीक जनुकीय बदल असलेल्या, दुसऱ्या ग्रेडच्या ग्लायोमासाठीच आहे. तो बदल आहे की नाही याची खात्री तुकडा तपासूनच होते. स्कॅनची यंत्रे सुधारत गेली आणि तरीही तुकड्याची गरज कमी होण्याऐवजी वाढली, हे त्यामुळे घडले आहे. असे का, हे समजून घ्यायचे तर आधी एमआरआय काय आणि कसे ओळखतो ते पाहावे लागेल.

दोन गाठी, दोन घरे

मेंदू कवटीत नुसता ठेवलेला नसतो. त्याच्याभोवती तीन आवरणे असतात. सर्वांत बाहेरचे जाड, चिवट आवरण म्हणजे ड्यूरा. ते कवटीला आतून चिकटलेले असते. त्याच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे नाजूक आवरण असते आणि मेनिन्जिओमा या मधल्या आवरणाच्या पेशींपासून तयार होतो. म्हणजे ही गाठ डोक्यात असली तरी मेंदूची नसते. ती बाहेरून मेंदूला दाबते. बहुतेक मेनिन्जिओमा अतिशय हळू वाढतात, पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतात आणि वय वाढेल तसे त्यांचे प्रमाण वाढते.

ग्लायोमाचे घर वेगळे आहे. मेंदूतील चेतापेशींना आधार देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांना ग्लिया म्हणतात. ग्लायोमा त्यांच्या वंशातला. तो मेंदूच्या आतच जन्मतो आणि बहुतेक प्रकारांत त्याला स्वतःची अशी सीमा नसते. पावसाळ्यात भिंतीत ओल शिरते तसा तो पांढऱ्या तंतूंच्या वाटेने पसरत जातो. ओल कुठे संपली आणि कोरडी भिंत कुठे सुरू झाली हे बोटाने दाखवता येत नाही, तशीच ग्लायोमाची कडही दाखवता येत नाही. काही ग्लायोमा वर्षानुवर्षे संथ राहतात. ग्लायोब्लास्टोमा हा त्यातील सर्वांत आक्रमक. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हे औषध दोन्ही मिळालेल्या रुग्णांपैकी निम्मे साधारण पावणेपंधरा महिन्यांच्या पुढे जगले, निम्मे नाही. एकीकडे वर्षानुवर्षे नुसते लक्ष ठेवता येईल अशी गाठ आणि दुसरीकडे हा आजार. नावाचा फरक म्हणजे आयुष्याचा फरक आहे.

पहिली खूण : जागा

रेडिओलॉजिस्ट सर्वांत आधी एकच प्रश्न विचारतो. गाठ मेंदूच्या आत आहे की बाहेर? आकार, रंग, चमक हे सगळे नंतर येते.

गाठ बाहेर असल्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. गाठ आणि मेंदू यांच्या मध्ये मेंदूतील पाण्याची बारीक रेघ दिसते. मेंदूचा करडा पृष्ठभाग गाठीच्या आत नसतो, तर तिच्याखाली दबून आत वळलेला असतो, जशी गादीवर जड वस्तू ठेवली की गादी दबते पण फाटत नाही. गाठ रुंद तळाने आवरणाला चिकटलेली असते. शेजारचे कवटीचे हाड कधी कधी जाड झालेले असते. काही जागा मेनिन्जिओमाच्या आवडत्या आहेत: मेंदूच्या दोन अर्ध्या भागांमधल्या पडद्यालगत, डोक्याच्या वरच्या उंचवट्यावर, डोळ्यामागच्या हाडाच्या कडेला आणि नाकाच्या मुळावरच्या खोबणीत.

ग्लायोमा आत असतो, बहुतेक वेळा पांढऱ्या तंतूंच्या भागात. तो पृष्ठभाग आत ढकलत नाही, उलट आतून फुगवतो. वरच्या वळ्या जाड आणि सपाट दिसतात. मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणारा तंतूंचा जाड पूल ओलांडून गाठ दुसऱ्या बाजूला गेली असेल, तर चित्र पंख पसरलेल्या फुलपाखरासारखे दिसते. असे चित्र दिसल्यावर पहिला संशय ग्लायोब्लास्टोमाचा येतो. लिम्फोमाही असाच पूल ओलांडतो, पण मेनिन्जिओमा असे करत नाही.

ही खूण तिन्हींमध्ये सर्वांत भरवशाची आहे. पण तिलाही अपवाद आहेत. मेनिन्जिओमा क्वचित मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळीत तयार होतो, आवरणाला न चिकटता. उलट पृष्ठभागालगतचा ग्लायोमा बाहेर फुगून आवरणाला टेकतो आणि बाहेरच्या गाठीचे सोंग घेतो.

दुसरी खूण : कॉन्ट्रास्टची चमक

तपासणीच्या मध्येच हातातील शिरेतून एक इंजेक्शन देतात. त्यात गॅडोलिनियम असते. हे द्रव्य जिथे साचते तो भाग पुढच्या चित्रात पांढरा चमकतो.

निरोगी मेंदूत ते साचत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की रक्तातील बहुतेक द्रव्ये मेंदूत झिरपू शकत नाहीत. मेनिन्जिओमाला हा पहारा नसतो, कारण त्याचा रक्तपुरवठा मुख्यतः आवरणाच्या धमन्यांतून येतो. म्हणून कॉन्ट्रास्ट दिल्यावर तो संपूर्ण, एकसारखा, दिवा लावल्यासारखा उजळतो. गाठीच्या कडेने आवरणाची एक निमुळती पांढरी रेघ पुढे जाताना दिसते. तिला ‘ड्यूरल टेल’, म्हणजे आवरणाची शेपटी म्हणतात. अहवालात हे दोन शब्द दिसले की मेनिन्जिओमा नक्की, असा समज आहे. तो चुकीचा आहे. ही शेपटी आवरणाचा दाह किंवा तिथला वाढलेला रक्तपुरवठाही दाखवते. त्यामुळे आवरणात पसरलेला दुसऱ्या अवयवाचा कॅन्सर, लिम्फोमा, क्षयरोग आणि कधी कधी पृष्ठभागापर्यंत आलेला ग्लायोब्लास्टोमा यांतही ती दिसते.

ग्लायोमात चमकेचा अर्थ वेगळा आहे. संथ ग्लायोमात मूळ रक्तवाहिन्यांचा पहारा टिकून असतो, म्हणून कॉन्ट्रास्ट दिल्यावर काहीच चमकत नाही. गाठ आक्रमक झाली की तिला रक्त कमी पडते आणि ती घाईघाईने नव्या, गळक्या वाहिन्या तयार करते. मग कडेने वेडीवाकडी, जाडबारीक पांढरी कडी दिसते आणि मधला मेलेला भाग काळा राहतो. ग्लायोब्लास्टोमाचे हे नेहमीचे चित्र आहे. त्यावरून ‘चमक नाही म्हणजे धोका नाही’ असा सोपा नियम तयार झाला. तोच नियम किती दगा देऊ शकतो, ते पुढच्या उदाहरणात दिसेल.

तिसरी खूण : सूज

गाठीभोवतीची सूज एमआरआयच्या ‘फ्लेअर’ या चित्रात पांढऱ्या ढगासारखी दिसते. अनेकांना वाटते, ढग मोठा म्हणजे गाठ वाईट. प्रत्यक्षात ढगात काय आहे याला महत्त्व आहे.

मेनिन्जिओमाभोवतीच्या ढगात मुख्यतः पाणी असते. गाठ काढली की ते हळूहळू ओसरते. ग्लायोब्लास्टोमाभोवतीच्या ढगात पाण्याबरोबर विखुरलेल्या कॅन्सर पेशीही असतात. म्हणूनच चमकणारा सगळा भाग काढल्यानंतरही हा आजार बहुतेक वेळा मूळ जागेच्या दोन सेंटीमीटरच्या आतच पुन्हा उगवतो. चमक नसलेल्या ग्लायोमात तर ज्याला सूज म्हणावे तीच गाठ असते.

अडचण अशी की चित्रात पाणी आणि पेशी दोन्ही पांढरीच दिसतात. शिवाय काही पूर्णपणे सौम्य मेनिन्जिओमा सूज वाढवणारी रसायने सोडतात. मग लिंबाएवढ्या गाठीभोवती अर्धा गोलार्ध सुजलेला दिसतो. उलट लहानशा सुजेचा मेनिन्जिओमा तपासणीत दुसऱ्या ग्रेडचा निघू शकतो. सूज उपचाराची घाई ठरवते, गाठीची जात ठरवत नाही.

खुणा जुळल्या तरी

तिन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर अनुभवी रेडिओलॉजिस्टचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. चुका होतात त्या त्या दोन नावांपलीकडच्या आजारांमुळे. आवरणाला चिकटलेली, एकसारखी चमकणारी, शेपटी असलेली गाठ स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरची पसरलेली गाठही असू शकते. पाच-सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झालेल्या बाईच्या अहवालात ‘मेनिन्जिओमा’ लिहिले असेल, तर ती जुनी फाइल न्यूरोसर्जनसमोर ठेवणे कोणत्याही नव्या स्कॅनपेक्षा मोलाचे ठरते.

भारतात क्षयरोगाची भर पडते. मेंदूतील क्षयाची गाठ कडी करून चमकते, भोवती सूज आणते आणि ग्लायोब्लास्टोमासारखी दिसते. आवरणातला क्षय पसरट मेनिन्जिओमासारखा दिसतो. पहिल्यावर उपाय गोळ्यांचा, दुसऱ्यावर शस्त्रक्रियेचा. फुप्फुसाचा एक्स-रे, घरातील क्षयाचा इतिहास, पाण्याची तपासणी यांनी बरेचदा दिशा मिळते, पण काही वेळा तुकड्याशिवाय निर्णय होत नाही.

मेंदूच्या लिम्फोमाची गोष्ट आणखी निराळी. तोही आतला, चमकणारा, सूज आणणारा. त्यावर मोठ्या शस्त्रक्रियेचा उपयोग नसतो, इंजेक्शनांनी उपचार होतात. पण सूज पाहून घाईने डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू केले, तर काही दिवसांत लिम्फोमा विरघळल्यासारखा दिसेनासा होऊ शकतो. घरच्यांना वाटते गाठ गेली. मग बायोप्सी केली तर त्यात मेलेल्या पेशींखेरीज काही सापडत नाही, आणि काही आठवड्यांनी गाठ परत येते. म्हणून लिम्फोमाचा संशय असेल आणि रुग्णाच्या जिवाला तातडीचा धोका नसेल, तर आधी तुकडा आणि मग स्टिरॉइड हा क्रम पाळला जातो. गावातील डॉक्टरांनी स्टिरॉइड सुरू केले असेल, तर किती दिवस आणि कोणत्या मात्रेत, ते पुढच्या डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

मोठ्या माणसांच्या बाबतीतही नाव ठरले ते तुकड्यावरच. अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी यांना मे 2008 मध्ये झटका आला. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये बायोप्सी झाल्यावरच त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला आक्रमक ग्लायोमा असल्याचे जाहीर झाले. सिनेटर जॉन मॅकेन यांच्या डाव्या डोळ्याच्या वरच्या भागातून जुलै 2017 मध्ये रक्ताची गुठळी काढल्याचे आधी सांगितले गेले. ग्लायोब्लास्टोमा हा शब्द आला तो काही दिवसांनी, त्या ऊतींची तपासणी झाल्यावर.

एकच चित्र, दोन आजार

नेहमीच्या नोंदींवरून उभे केलेले एक उदाहरण पाहू. 56 वर्षांचे एक शिक्षक. वर्गात शिकवताना मध्येच दहा-पंधरा सेकंद थांबतात, नजर हरवते, मग काही झालेच नाही असे पुढे बोलू लागतात. त्याआधी त्यांना रबर जळल्यासारखा वास येतो. दोन महिने हे ‘अशक्तपणा’ म्हणून चालते. मग एका रात्री मोठी फिट येते आणि जिल्हा रुग्णालयातून त्यांना एमआरआयसाठी पाठवले जाते.

स्कॅनमध्ये उजव्या कानामागच्या टेम्पोरल भागात सुमारे पाच सेंटीमीटरचा पांढरा ढग दिसतो. गाठ मेंदूच्या आत, वळ्या फुगलेल्या. कॉन्ट्रास्ट दिल्यावर काहीच चमकत नाही. मधला भाग मेलेला नाही. वासाची भावना आणि हरवलेली नजर याच भागातून येते, म्हणजे लक्षणे जागेशी जुळतात. अहवाल म्हणतो, ‘बहुधा लो ग्रेड ग्लायोमा’. चित्रावरून हा अंदाज योग्यच आहे.

पत्नी विचारते, “डॉक्टर, लो ग्रेड म्हणजे साधीच ना? मग सहा महिन्यांनी परत फोटो काढला तर चालणार नाही का?”

न्यूरोसर्जन तिला वयाकडे लक्ष द्यायला सांगतो. खरोखर संथ असलेले ग्लायोमा बहुधा विशीपासून चाळिशीपर्यंतच्या वयात दिसतात. पंचावन्न ओलांडलेल्या माणसात, आधी काही त्रास नसताना, असा ढग दिसला तर शंका घेतली पाहिजे. शस्त्रक्रिया करून जितका भाग धोक्याशिवाय निघतो तितका काढला जातो आणि तो पॅथॉलॉजीकडे जातो.

पहिल्या नजरेत सूक्ष्मदर्शकही एमआरआयशी सहमत होतो. पेशी थोड्या दाट, पण विभागणी जवळजवळ नाही, नव्या रक्तवाहिन्यांचे झुबके नाहीत, मेलेला भाग नाही. 2016 च्या आधीच्या पद्धतीने हा ‘दुसऱ्या ग्रेडचा ॲस्ट्रोसायटोमा’ ठरला असता. पुढची पायरी म्हणजे आयडीएच या जनुकातील बदल शोधणे. संथ ग्लायोमांत हा बदल बहुतेक वेळा असतो. त्याच्या सर्वांत नेहमीच्या प्रकाराला रंग देणारी तपासणी इथे निगेटिव्ह येते. मग जनुकांची सखोल तपासणी होते. आयडीएच मूळ स्वरूपात आहे, टर्ट या जनुकाच्या सुरुवातीच्या भागात बदल आहे आणि ईजीएफआर या जनुकाच्या प्रती कितीतरी पट वाढल्या आहेत. 2021 च्या वर्गीकरणानुसार याचे नाव एकच: ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड चार. चित्र शांत होते, पेशीही शांत दिसत होत्या, पण जनुके पुढे काय होणार ते सांगत होती.

उपचार त्या नावाने बदलतात. सहा आठवडे रेडिएशन, एकूण साधारण 60 ग्रे, रोज थोडे थोडे असे 30 वेळा, सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या आणि नंतर काही महिने त्याच गोळ्यांचे चक्र. सहा महिने थांबले असते, तर पुढच्या स्कॅनमध्ये पांढरी कडी दिसण्याची दाट शक्यता होती.

आता याच चित्राचा दुसरा रुग्ण घ्या. 33 वर्षांची बाई, मेंदूच्या पुढच्या भागात तसाच न चमकणारा ढग. अहवालातही तेच शब्द. तिच्या तुकड्यात आयडीएचचा बदल सापडतो. हा आजारही पूर्ण बरा होणारा नाही, पण त्याचा वेग वेगळा आहे. शक्य तितकी गाठ काढल्यावर तिला लगेच रेडिएशन न देता लक्ष ठेवता येते किंवा व्होरासिडेनिबसारख्या औषधाचा विचार करता येतो. ज्या चाचणीवरून त्याला मान्यता मिळाली, तिच्यात गोळी घेणाऱ्यांचा आजार पुढे सरकायला सरासरी 27.7 महिने लागले आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचा 11.1 महिने. रेडिएशनचे मेंदूवरचे दूरगामी परिणाम तरुण वयात पुढे ढकलता येणे ही तिच्यासाठी मोठी गोष्ट आहे. शिक्षकांना मात्र या गोळीचा उपयोग नाही, कारण त्यांच्या गाठीत तो बदलच नाही. एमआरआयवर दोघांचा अहवाल एकच होता.

तुकडा कसा काढतात, काय चुकू शकते

बायोप्सी म्हणजे दरवेळी नुसता सुईचा तुकडा नसतो. गाठ काढण्यासारख्या जागी असेल तर शस्त्रक्रियेत निघालेली गाठच तपासली जाते. ती खोल किंवा बोलण्या-चालण्याच्या केंद्रापाशी असेल, तर कवटीला बोटाच्या पेराएवढे किंवा त्याहून लहान छिद्र पाडून, एमआरआयच्या नकाशावर दिशा ठरवून, बारीक सुईने काही कण घेतात. त्यातील एक कण लगेच काचपट्टीवर दाबून पाहतात. रुग्ण टेबलावर असतानाच पॅथॉलॉजिस्ट सांगतो की हा गाठीचाच भाग आहे की नाही. सर्वांत मोठा धोका रक्तस्रावाचा. त्यामुळे गंभीर त्रास होणारे रुग्ण थोडे असतात, पण असतात, आणि शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी त्याबद्दल विचारलेच पाहिजे. सुई लावली की कॅन्सर मेंदूभर पसरतो, ही भीती मात्र बाळगू नये. ग्लायोमा मुळातच पसरत असतो, सुईमुळे नाही.

तुकडाही चुकवू शकतो. ग्लायोमा सगळीकडे सारखा नसतो. एका कोपऱ्यात पेशी शांत, दुसऱ्या कोपऱ्यात उग्र. सुई शांत कोपऱ्यात गेली तर आजार सौम्य वाटतो. इथे एमआरआय पुन्हा कामी येतो. थोडी जरी चमक असेल, रक्तपुरवठा जास्त दिसत असेल, तिथूनच तुकडा घ्यायचा असतो. म्हणजे स्कॅन आणि बायोप्सी हे एकमेकांना पर्याय नाहीत. स्कॅन सांगतो कुठे पाहायचे, तुकडा सांगतो ते काय आहे. आणि तुकड्याचे उत्तर चित्राशी अजिबात जुळत नसेल, उदाहरणार्थ चित्रात मधोमध मेलेली, कडी असलेली गाठ आणि अहवालात ‘दुसरी ग्रेड’, तर दोन्ही विभागांनी एकत्र बसून पुन्हा पाहिले पाहिजे.

मेनिन्जिओमाचेही तसेच आहे. दहापैकी साधारण आठ पहिल्या ग्रेडचे असतात. उरलेल्यांत मुख्यतः दुसऱ्या ग्रेडचे आणि थोडे तिसऱ्या ग्रेडचे. ठरावीक क्षेत्रात विभागणाऱ्या पेशी चारपेक्षा कमी की जास्त, गाठ मेंदूत घुसली आहे का, यावर ग्रेड ठरते. ती एमआरआयवर मोजता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर नुसते लक्ष ठेवायचे की रेडिएशन द्यायचे, हे त्यावर अवलंबून असते.

तुकडा कधी नको?

प्रत्येक पांढऱ्या ठिपक्याला सुई लावायची नसते. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम शहरात 2000 निरोगी प्रौढांचे एमआरआय करून 2007 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरासरी वय 63. त्यात 0.9 टक्के लोकांच्या डोक्यात त्यांना माहीत नसलेला मेनिन्जिओमा निघाला. म्हणजे डोकेदुखीसाठी किंवा पडल्यावर केलेल्या स्कॅनमध्ये सत्तरीच्या आजीला दीड सेंटीमीटरचा, सगळ्या खुणा जुळणारा, सूज नसलेला मेनिन्जिओमा दिसला, तर बहुधा तो तिच्या त्रासाचे कारण नसतो. काही महिन्यांनी आणि मग वर्षाच्या अंतराने स्कॅन करून त्याच्यावर नजर ठेवणे हाच योग्य मार्ग. इथे ‘बहुधा’वर विसंबता येते, कारण चुकल्यास ते पुढच्या स्कॅनमध्ये गाठ वाढल्यावर कळते आणि तोवर फारसे नुकसान झालेले नसते. जुना कॅन्सर, वेगाने वाढणारी लक्षणे, मोठी सूज किंवा हाड खाल्ल्याची खूण असेल तर हा हिशेब बदलतो.

हाती काय असावे

तुकडा काढल्यावर तो मेणाच्या ठोकळ्यात जपला जातो. त्याला पॅराफिन ब्लॉक म्हणतात. आयडीएच, टर्ट यांसारख्या तपासण्या प्रत्येक जिल्ह्यात होत नाहीत. पण रुग्णाला हलवावे लागत नाही, ब्लॉक पाठवता येतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या मोठ्या केंद्रांत अशा तपासण्यांची सोय आहे. दुसरीकडे उपचारांसाठी जाताना लोक एमआरआयच्या फिल्म घेऊन जातात आणि ब्लॉक व काचपट्ट्या मूळ रुग्णालयातच राहतात. मग नवे रुग्णालय पुन्हा तुकडा मागते किंवा दोन आठवडे ब्लॉकची वाट पाहते. सुट्टी घेतानाच ब्लॉक कसा आणि कोणाकडून मिळेल हे विचारून ठेवावे.

अहवाल हातात आल्यावर तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली, गाठ मेंदूच्या आत आहे की बाहेर, हे स्पष्ट लिहिले आहे का. दुसरी, ‘बहुधा’नंतर एकच नाव आहे की दोन-तीन, कारण दोन-तीन असतील तर त्यांतले प्रत्येक डॉक्टरांशी बोलताना विचारायचे. तिसरी, तुकड्याचा अहवाल असेल तर ग्लायोमासाठी आयडीएचचा निकाल आणि मेनिन्जिओमासाठी ग्रेड त्यात आहे का. ग्लायोमाच्या अहवालात आयडीएचचा उल्लेखच नसेल, तर नाव अजून अपुरे आहे असे समजावे आणि पुढच्या तपासणीबद्दल विचारावे. शिक्षकांच्या पत्नीने विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर मात्र एमआरआयच्या शेवटच्या ओळीत नव्हते, ते मेणाच्या त्या छोट्या ठोकळ्यात होते.